७० हजारांचं आयसीयू, ७५ हजारांचं सुरगाणा की डीएनबीची सीट?

प्रश्न: एमबीबीएस शासकीय कॉलेजातून झालंय, इंटर्नशिप संपली, एक वर्षाचा बॉण्ड बाकी आहे. घर नाशिकरोडला. हातात तीन गोष्टी आहेत. मुंबई नाक्याजवळच्या खासगी हॉस्पिटलात आयसीयू आरएमओ, महिना ७० हजार, १२ तासांच्या २६ ड्युट्या. सुरगाणा तालुक्यातल्या पीएचसीवर बॉण्डची ऑर्डर, ७५ हजार. आणि नाशिकच्याच एका हॉस्पिटलात डीएनबी इमर्जन्सी मेडिसिनची सीट, स्टायपेंड ५५ हजार सांगताहेत. मला खरं तर मेडिसिन हवं होतं, रँक पोचली नाही. परत नीट-पीजी द्यायचा विचार आहे. पगार, शिकायला मिळणं आणि ड्युटीचे तास बघता काय घ्यावं?

उत्तर:

सुरगाणा घ्या. पण रुजू होण्याआधी एकच गोष्ट खात्री करून घ्या: त्या पीएचसीवरचा दुसरा वैद्यकीय अधिकारी प्रत्यक्ष तिथे राहतो की फक्त कागदावर आहे. पगार, झोप आणि अभ्यास, तिन्हींचं गणित त्या एका माणसावर फिरतं. कसं, ते खाली मांडतो.

आधी बॉण्डचा विषय संपवू, कारण तुमच्या तुलनेत तो कुठेच दिसत नाही. शासकीय कॉलेजातल्या एमबीबीएसचा बॉण्ड एक वर्षाच्या सेवेचा आहे आणि ती न केल्यास दंड १० लाखांचा. खासगी हॉस्पिटलात काढलेलं वर्ष यात धरलं जात नाही. ७० हजारांप्रमाणे वर्षाचे ८ लाख ४० हजार होतात, म्हणजे पूर्ण वर्ष राबून जे मिळेल ते दंडापेक्षाही कमी आहे. सेवा नंतर करता येईल हे खरं, पण मग आयसीयूचं वर्ष हे बॉण्डच्या वर्षाच्या आधी वाढलेलं एक जादा वर्ष ठरतं. तुमच्या हातात ऑर्डर आलेली आहे. ऑर्डर येऊन रुजू न होणं आणि ऑर्डरच न येणं यांत फरक आहे, आणि तो फरक पुढे बंधमुक्त प्रमाणपत्र मागायला जाल तेव्हा समोर येतो. खासगी कॉलेजातून शिकलेल्यांना हा परिच्छेद सहसा लागू नाही. त्यांच्यासाठी या तिघांचा क्रम वेगळा लागू शकतो.

आता तास. महिन्याचा आकडा बाजूला ठेवा आणि तासाचा दर काढा.

आयसीयूत १२ तासांच्या २६ ड्युट्या म्हणजे ३१२ तास. पण ड्युटी आठला संपत नाही. आठला पुढचा आरएमओ येतो, मग एकेका बेडचं हॅण्डओव्हर, अर्धवट नोट्स, एखादी राहिलेली डिस्चार्ज समरी. पाऊण तास जातोच. २६ दिवसांचे ते साडेएकोणीस तास धरले की ३३१ च्या वर होतात आणि दर येतो तासाला २११ रुपये. कुणी २४ तासांच्या १३ ड्युट्या देऊ करत असेल तर तेही ३१२ तासच आहेत. ‘महिन्यात फक्त १३ दिवस काम’ हे ऐकायला बरं वाटतं, पण चोवीस तासांच्या ड्युटीनंतरचा अख्खा दिवस झोपेत जातो आणि तो दिवस अभ्यासाचा म्हणून मोजता येत नाही. रात्रपाळीचंही तसंच. २६ पैकी १३ रात्री आल्या तर १३ दुपारी गेल्या म्हणून समजा.

पीएचसीत सकाळ-संध्याकाळची ओपीडी, मीटिंगा, उपकेंद्रांच्या भेटी मिळून दिवसाचे साधारण सात तास धरू. २६ दिवसांचे १८२ तास. नुसत्या याच हिशेबाने ७५ हजार म्हणजे तासाला ४१२ रुपये होतात आणि म्हणूनच ‘पीएचसी आरामाची’ असं बोललं जातं. पण मुख्यालयी राहण्याची अट आहे, बाळंतपणं रात्रीच जास्त येतात आणि साप चावलेला माणूस ओपीडीची वेळ बघून येत नाही. दोन डॉक्टर असतील तर महिन्यातल्या १५ रात्री तुमच्याकडे, बारा-बारा तासांच्या. त्या १८० तासांत प्रत्यक्ष काम समजा ४० तासांचं निघालं, तर कामाचे तास २२२ आणि दर ३३८. ऑन-कॉलचा प्रत्येक तास मोजला, कारण त्या वेळात तुम्ही गाव सोडून जाऊ शकत नाही, तर ३६२ तास आणि दर २०७. आयसीयूच्या जवळपास तेवढाच.

आणि दुसरा डॉक्टर नसेल तर? मग महिन्याचे सगळे ७२० तास तुमचेच. दर १०४ रुपये. आठवडी सुट्टी नाही, घरच्या लग्नाला जायचं तरी तालुका आरोग्य अधिकाऱ्याला फोन करून बदली डॉक्टर मागायचा आणि तो मिळेलच असं नाही. ऑर्डरवरचे ७५ हजार दोन्ही ठिकाणी सारखेच दिसतात.

हे कसं तपासायचं? तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या ऑफिसात विचारलं तर ‘दोन्ही पदं भरलेली आहेत’ असं उत्तर येईल आणि ते खोटंही नसेल. माणूस प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे असतो, पीजीला गेलेला असतो किंवा रोज नाशिकहून ये-जा करत असतो. म्हणून पीएचसीतल्या फार्मासिस्टला किंवा सिस्टरला विचारा, आणि प्रश्न असा विचारा: ‘मागच्या आठवड्यात रात्रीची डिलिव्हरी आली तेव्हा कोणते डॉक्टर आले होते?’ उत्तरात एकच नाव परत परत आलं तर समजून घ्या. शक्य झालं तर एकदा जाऊनच या. क्वार्टरच्या दाराला कुलूप आहे का, बाहेर कपडे वाळत आहेत का, एवढं बघितलं तरी पुरतं.

डीएनबीच्या सीटचा हिशेब सगळ्यांत फसवा आहे, कारण तिथे पैसे येतात तसे जातातही. ५५ हजारांचे वर्षाचे ६ लाख ६० हजार. डीएनबीची वार्षिक फी १ लाख २५ हजार. ती वजा केल्यावर महिन्याला साधारण ४४ हजार ५०० उरतात. इमर्जन्सीच्या रेसिडेंटला आठवड्याचे ८० तास धरणं अतिशयोक्ती नाही. म्हणजे महिन्याचे ३४६ तास आणि दर १२९ रुपये. इथे एक मुद्दा हॉस्पिटलला नक्की विचारा. एनबीईएमएसने ठरवलेला किमान स्टायपेंड पहिल्या वर्षाला ३५ हजार, दुसऱ्याला ३७ आणि तिसऱ्याला ३९ हजार असला तरी राज्य सरकारचा दर जास्त असेल तिथे राज्याचा दर लागू करायचा असतो, आणि महाराष्ट्रात तो बराच वर आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत शासकीय कॉलेजांतल्या निवासी डॉक्टरांच्या विद्यावेतनात १० हजारांची वाढ झाली आणि पहिल्या वर्षाचा आकडा ८० हजारांच्या पुढे गेला. तेव्हा ‘५५ हजार’ हा आकडा कशाच्या आधारावर, आणि तो बँकेत पूर्ण जमा होतो ना, हे सध्याच्या रेसिडेंटला हॉस्पिटलच्या बाहेर चहाला भेटून विचारा. काही ठिकाणी स्टायपेंड खात्यावर येतो आणि त्यातला काही भाग रोखीने परत मागितला जातो. खासगी मेडिकल कॉलेजांतही हा प्रकार चालतो. ऑफर लेटरवर तो दिसणार नाही, रेसिडेंटच्या तोंडूनच कळतो.

रेसिडेन्सीच्या तासांबद्दल कागदावर काय आहे तेही बघा. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग १२ तासांहून जास्त ड्युटी सहसा नको आणि आठवड्याला ४८ तास, असं लिहिलेलं आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पीजी नियमांनी ‘वाजवी तास’ एवढंच म्हटलं, सोबत आठवड्याची एक सुट्टी आणि वर्षाला २० रजा दिल्या. वॉर्डात या कागदांना फारसं कुणी विचारत नाही. पण ‘इथे आठवडी सुट्टी मिळते का’ हा प्रश्न मुलाखतीत विचारायला त्यांचा आधार पुरतो, आणि उत्तर देणारा हसला की उत्तर मिळालंच.

टॅक्सवर फार वेळ घालवू नका. तो या तिघांत निर्णय फिरवत नाही, फक्त हातात पैसे कधी येतात ते बदलतं. खासगी हॉस्पिटल तुम्हाला बहुधा पगारदार म्हणून नाही तर व्यावसायिक फी म्हणून पैसे देईल आणि १० टक्के टीडीएस कापेल. महिन्याला ७ हजार जातील, हातात ६३ हजार येतील. वर्षाअखेर आयटीआर-४ भरून व्यावसायिकांच्या अंदाजित उत्पन्नाच्या तरतुदीखाली निम्मं उत्पन्न दाखवलं तर ४ लाख २० हजारांवर नवीन पद्धतीत कर शून्य होतो आणि कापलेले ८४ हजार परत मिळतात. मात्र कापलेली रक्कम हॉस्पिटलने तुमच्या पॅनवर खरोखर भरली का, हे आयकर पोर्टलवर दर तिमाहीला बघत जा. कापली आणि भरलीच नाही, असं झालं तर परतावा अडकतो. बॉण्डचे ७५ हजार पगार म्हणून आले तर वर्षाचे ९ लाख होतात आणि नवीन पद्धतीत त्यावरही कर बसत नाही.

सरकारी पैशाची अडचण टॅक्सची नसते, उशिराची असते. रुजू अहवाल, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, बँकेचे तपशील असं सगळं वर जाऊन पहिला पगार पडायला दोन-तीन महिने सहज जातात. पुढेही अनुदान आलं नाही की महिना सरकतो. सुरगाण्याला जाताना तीन महिन्यांच्या खर्चाची सोय करून जा. आणि एक लक्षात ठेवा: आदिवासी भागातले ७५ हजार आणि बाकी ठिकाणचे ७० हजार हे २०२० मध्ये ठरलेले मानधनाचे दर आहेत. त्यात वार्षिक वाढ नाही, आणि नियमित सेवेतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यासारखी पेन्शन किंवा पीजीचा इन-सर्व्हिस कोटाही नाही. बॉण्डचं वर्ष म्हणून ते ठीक आहे, नोकरी म्हणून त्यात थांबून राहण्यात अर्थ नाही. एनएचएमच्या ११ महिन्यांच्या करारालाही हेच लागू.

आता शिकण्याचं. इथे लोक यादी करतात: आयसीयूत सेंट्रल लाइन, व्हेंटिलेटर, एबीजी, पीएचसीत ताप, खोकला, लसीकरण. या यादीचा उपयोग नाही. खरा प्रश्न असा आहे की रात्री दोन वाजता पेशंट बिघडला तर निर्णय कोण घेतं, आणि तो चुकला की बरोबर आला हे तुम्हाला नंतर कोण सांगतं. या दोन प्रश्नांची उत्तरं तिन्ही ठिकाणी वेगवेगळी आहेत.

खासगी आयसीयूत पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘फोन’ असं असतं. बीपी ७० झालं, तुम्ही कन्सल्टंटला फोन केला, ते म्हणाले नॉरअॅड वाढवा, तुम्ही वाढवलं आणि नोटमध्ये लिहिलं. का वाढवायचं, फ्लुइड का नको, एको का नको, हे विचारायला तेव्हा वेळ नसतो आणि सकाळच्या राउंडला तुमची ड्युटी संपलेली असते. असे सहा महिने गेले की माणूस ऑर्डर पाळण्यात तरबेज होतो आणि निर्णयात तसाच राहतो. जिथे इंटेन्सिव्हिस्ट रात्री हॉस्पिटलात असतो, तिथे हेच आयसीयू सोन्यासारखं आहे. तेव्हा ऑफर घेण्याआधी रात्री साडेनऊ-दहाला एकदा जाऊन बघा. भिंतीवर महिन्याची ड्युटी लिस्ट लावलेली असते. त्यात रात्रीच्या रकान्यात किती वेगवेगळी नावं आहेत आणि एका आरएमओकडे आयसीयूसोबत वॉर्ड आणि कॅज्युअल्टीही आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. मागच्या महिन्यात आरएमओने स्वतः किती इंट्यूबेशन केली, हे सिस्टर इन्चार्जला विचारा. ‘भूलतज्ज्ञ येतात ना’ असं उत्तर आलं की समजा, तुमच्या वाट्याला नोट्स, डिस्चार्ज समरी आणि टीपीएच्या क्वेरींची उत्तरं लिहिणं आहे. बऱ्याच हॉस्पिटलांत बीएएमएस आणि बीएचएमएस आरएमओ तुमच्यापेक्षा बऱ्याच कमी पगारात रात्र काढतात. तिथे एमबीबीएसला ७० हजार देण्याचं एक कारण सही असतं. मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४, न बघितलेल्या पेशंटचं भरायला सांगितलं तर भरू नका. मूळ डिग्री किंवा कौन्सिलचं रजिस्ट्रेशन ‘ठेवून घेतो’ म्हणाले तर तिथूनच परत फिरा. साक्षांकित प्रत पुरते.

पीएचसीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘तुम्हीच’ आहे. एक उदाहरण जरा जवळून बघू, कारण जूनपासून सप्टेंबरपर्यंत सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, हरसूल भागात हे हमखास समोर येतं. पहाटे चारला शेतातल्या घरातून माणूस आणला जातो. पोटात दुखतंय, डोळे जड झालेत, चावल्याची खूण दिसत नाही. सूज नाही, वेदना नाही. जमिनीवर झोपला होता. हा मण्यार असू शकतो. पापण्या मिटायला लागल्या असतील तर वाट बघायची नाही, एएसव्हीच्या १० व्हायल सलाइनमधून साधारण तासाभरात द्यायच्या, सोबत अॅट्रोपिन आणि निओस्टिग्मिन देऊन बघायचं, अॅड्रेनालिन भरून हाताशी ठेवायचं, कारण रिअॅक्शन पहिल्या काही मिनिटांतही येऊ शकते. श्वास उथळ व्हायला लागला तर अँबू चालू ठेवून १०८ मधून पुढे पाठवायचं, आणि सोबत अँबू दाबू शकणारं माणूस द्यायचं. घोणस असेल तर चित्र वेगळं: सूज, हिरड्यांतून रक्त. तिथे २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करायची. ती कोरड्या, स्वच्छ काचेच्या टेस्ट ट्यूबमध्येच करायची. प्लॅस्टिकच्या ट्यूबमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या ट्यूबमध्ये चांगलं रक्तसुद्धा वेळेत गोठेलच असं नाही आणि विनाकारण एएसव्ही जातं. रुजू झाल्याच्या पहिल्या दिवशी काचेची ट्यूब आहे का, एएसव्ही १० व्हायलपेक्षा जास्त आहे का आणि अँबूचा मास्क फाटलेला तर नाही ना, हे बघून घ्या. औषध निर्माण अधिकाऱ्याच्या रजिस्टरवर विसंबू नका, कपाट उघडा.

असा निर्णय आयसीयूत दुसऱ्या वर्षाच्या आरएमओलाही घ्यावा लागत नाही. पण दुसऱ्या प्रश्नाला पीएचसीत उत्तरच नाही. तुम्ही पाठवलेला पेशंट नाशिकच्या सिव्हिलला गेला, पुढे काय झालं ते कोणी कळवत नाही. चूक झाली असेल तर ती चूक तशीच पुढच्या पेशंटवर होते. यावर उपाय साधा आहे आणि तो न करणारेच जास्त: रेफर केलेल्या प्रत्येक पेशंटचं नाव वहीत लिहा, तुमचं निदान लिहा, आणि दोन दिवसांनी सिव्हिलमधल्या रेसिडेंटला किंवा नातेवाइकाला फोन करून अंतिम निदान त्यासमोर लिहा. सहा महिन्यांनी ती वही स्वतःच सांगेल की तुम्हाला काय ओळखता येत नाही.

पीएचसीची एक बाजू अशी आहे की ती रुजू होताना कोणी बोलत नाही. एमएलसी, लैंगिक अत्याचाराच्या केसमधली तपासणी आणि काही ठिकाणी शवविच्छेदन तुमच्याकडे येईल. त्यांचे समन्स तुम्ही पीजीत असताना, कदाचित पाच-सहा वर्षांनी येतात आणि तेव्हा जिल्ह्यातल्या कोर्टात येऊन उभं राहावं लागतं. जखमेचं माप, वय, बाजू, रंग त्याच दिवशी नीट लिहिलेलं असेल तर अर्ध्या तासात साक्ष संपते. ‘मल्टिपल अॅब्रेजन्स’ एवढंच लिहिलं असेल तर वकील तुम्हाला तासभर उभं ठेवेल. प्रत्येक कागदावर पूर्ण नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर लिहा, केस नंबर, तारीख आणि पोलीस ठाणं स्वतःच्या वहीत ठेवा.

तिसरी गोष्ट, रेसिडेन्सी. दुसऱ्या प्रश्नाचं चांगलं उत्तर फक्त इथेच मिळतं, कारण त्याच पेशंटवर सकाळी, संध्याकाळी आणि केस प्रेझेंटेशनमध्ये तीनदा बोललं जातं. त्यामुळे सीट हवी त्या विषयाची असेल तर तासाचा १२९ रुपयांचा दर बघू नका, घ्या. तुमच्या बाबतीत ती हव्या विषयाची नाही, हीच अडचण आहे. इमर्जन्सी मेडिसिनवरून क्रिटिकल केअरमध्ये डीएम करता येतं. कार्डिओलॉजी, नेफ्रोलॉजी, गॅस्ट्रोची दारं मात्र मेडिसिनवाल्यासारखी उघडत नाहीत. ‘आत्ता घेतो, पुढच्या वर्षी मेडिसिन मिळालं तर सोडतो’ हा विचार करत असाल तर तो सोडा. डीएनबी अर्धवट सोडणाऱ्याला त्या कोर्सचा पूर्ण कालावधी संपेपर्यंत दुसऱ्या डीएनबीला बसता येत नाही आणि काउन्सेलिंगच्या शेवटच्या फेऱ्यांत घेतलेली सीट सोडली तर डिपॉझिट जातं, पुढची संधीही अडू शकते. ज्या फेरीतून सीट मिळतेय त्या फेरीचे नियम माहितीपुस्तिकेत शब्दन् शब्द वाचा. व्हॉट्सअॅपवरच्या सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका, दरवर्षी त्यात काहीतरी बदलतं. एमबीबीएसचा बॉण्ड शिल्लक असताना पीजीला प्रवेश मिळतो का, ही अटही त्याच पुस्तिकेत शोधा. यावरून आधी गोंधळ झालेले आहेत.

इमर्जन्सीतच आयुष्य काढायची खरोखर तयारी असेल, तर मात्र माझं उत्तर बदलतं. तेव्हा सीट घ्या, पण आधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटची लॉगबुक बघायला मागा. भूल, आयसीयू, बालरोग आणि हाडांच्या विभागात रोटेशन झालंय का, की तीन वर्षं कॅज्युअल्टीतच आरएमओची जागा भरून काढली, हे लॉगबुकच्या पानांवर दिसतं. थिसिसचा गाइड पूर्णवेळ आहे की आठवड्यातून दोनदा येणारा, हेही विचारा. लॉगबुक दाखवायला टाळाटाळ झाली तर त्या सीटबद्दल आणखी काही तपासायची गरज नाही.

आता अभ्यासाचा हिशेब, कारण पुढची नीट-पीजी हे तुमचं खरं काम आहे. आयसीयूत १३ रात्री आणि १३ दिवस धरले तर दिवसपाळीनंतर फार तर दोन तास, रात्रपाळीनंतर दुपारी झोपून उठल्यावर दोन-तीन तास, आणि तेही थकलेल्या डोक्याने. सुट्टीचे चार दिवस धरून महिन्याला साधारण ८० तास निघतील. दोन डॉक्टर असलेल्या पीएचसीत तुमची रात्र नसेल तेव्हा रोज चार-साडेचार तास, रात्र असेल तेव्हा दोन, म्हणजे महिन्याला शंभर तासांच्या आसपास. फरक २० तासांचाच वाटतो, पण पीएचसीतले तास झोप झालेल्या माणसाचे असतात. पावसाळ्यात सुरगाण्याकडे लाइट आणि नेटवर्क दोन्ही जातं. व्हिडिओ आधी डाउनलोड करा, प्रश्नसंच छापील घ्या, एक चांगली रिचार्जेबल बॅटरी ठेवा. नाशिकरोडहून रोज ये-जा करायचा विचार मात्र करू नका. एका बाजूला नव्वदेक किलोमीटर आणि घाटाचा रस्ता, अभ्यासाचे सगळे तास गाडीतच जातील, आणि रात्री काही घडलं आणि तुम्ही मुख्यालयी नसलात तर तो कागद तुमच्याविरुद्ध तयार होतो.

वाटपाच्या यादीत अजून बदल मागता येत असेल तर एक पर्याय सुचवतो: कळवणचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मालेगावचं सामान्य रुग्णालय. तिथे ड्युट्या पाळीने लागतात, स्त्रीरोग, भूल, बालरोगाचे तज्ज्ञ असतात, त्यामुळे निर्णय तुम्ही घेता आणि सकाळी तो तपासणाराही असतो. आदिवासी भागात मोडत नसलेल्या जागी महिन्याला ५ हजार कमी मिळतील. मेडिसिनकडे जायचं असेल तर ते ५ हजार सोडून द्यावेत, असं माझं मत. पण बदलाची वाट बघत रुजू होणं लांबवू नका. बॉण्डचं वर्ष रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजलं जातं आणि पुढच्या काउन्सेलिंगला तुमची सेवा किती झाली हे महत्त्वाचं ठरू शकतं. दोन महिने थांबलात तर ते दोन महिने शेवटी मेडिसिनच्या सीटच्या आड येतील.

तुमच्यासारखी ऑर्डर अजून हातात आली नसेल त्यांनी मधल्या काळात आयसीयूत महिना-दोन महिने काम करायला हरकत नाही, पण नोटीस पीरियड लिहून घ्या. तीन महिन्यांच्या नोटिसची किंवा सोडल्यास महिन्याचा पगार कापण्याची अट असेल तर ती सही करू नका, ड्युटीमागे पैसे देणारं लोकम काम बघा. आणि कुठेही काम करा, स्वतःची इंडेम्निटी पॉलिसी आधी काढा. वर्षाला काही हजारांत होते. हॉस्पिटलची पॉलिसी आहे असं सांगतात, तिच्यात आरएमओचं नाव आहे का ते कोणी दाखवत नाही.

रुजू होताना रुजू अहवालाच्या दोन प्रती न्या, एकीवर तारीख-वेळेसह आवक शिक्का घेऊन ती स्वतःकडे ठेवा. प्रत्येक रजेचा अर्ज आणि मंजुरीही जपून ठेवा. मंजूर न झालेली रजा वर्षाअखेर गैरहजेरी म्हणून निघते आणि तेवढे दिवस बॉण्ड पुढे सरकतो. वर्ष भरायच्या महिनाभर आधी सेवा पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या, कारण तिथून कॉलेजच्या अधिष्ठात्यांकडे आणि मग बंधमुक्त प्रमाणपत्र असा तो कागद फिरतो आणि प्रत्येक टेबलावर आठवडा घेतो.